उत्तरसूची चुकली की आपण? शंकूचं गणित, १२३२ की १२८३.३३

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

फोटो काढून आलेलं एक वर्कशीट सोडवायला घेतलं आहे. शेवटच्या पानावर उत्तरसूची छापली आहे, तिचाही फोटो सोबत आहे. प्रश्न ६ जसाच्या तसा देते:

"एका शंकूच्या तळाची त्रिज्या ७ सेमी व तिरकस उंची २५ सेमी आहे. (π = २२/७) (अ) शंकूचे घनफळ काढा. (आ) वक्रपृष्ठफळ काढा. (इ) एकूण पृष्ठफळ काढा. (ई) याच मापाच्या भांड्यात किती लीटर पाणी मावेल?"

सूचीतली उत्तरं: (अ) १२८३.३३ घसेमी, (आ) ५५० चौसेमी, (इ) ७०४ चौसेमी, (ई) १.२८ लीटर.

मी लंब उंची काढली, २५ चा वर्ग वजा ७ चा वर्ग, म्हणजे ६२५ − ४९ = ५७६, वर्गमूळ २४. मग घनफळ ⅓ × २२/७ × ४९ × २४ = १२३२. (आ) आणि (इ) सूचीशी तंतोतंत जुळतात, (अ) आणि (ई) जुळत नाहीत. छापलेलं चुकलंय असं म्हणायच्या आधी काय काय तपासायचं? फोटो जरा तिरका आहे आणि उजव्या कडेला सावली पडली आहे.

निळीशाई

π चा घोळ असणार. प्रश्नात २२/७ दिलं असलं तरी सूची करणाऱ्याने ३.१४ घेतलं की उत्तर दशांशात येतं. तुमचं पूर्णांकात आलं, त्यांचं .३३ आलं, त्यावरूनच कळतंय. दोन्ही बरोबर धरतात.

त्रिज्यखंड

निळीशाई, π मुळे दशांश येतात हे खरं, पण इथे ते कारण बसत नाही. ३.१४ घेऊन बघा: ३.१४ × ४९ × २४ भागिले ३, म्हणजे ३.१४ × ३९२ = १२३०.८८. उत्तर १२३२ पेक्षा थोडं *कमी* येतं, कारण २२/७ हे ३.१४ पेक्षा मोठं आहे. सूचीतलं उत्तर ५१ ने *जास्त* आहे. π बदलल्याने हजारात जेमतेम एकाचा फरक पडतो, इथे शंभरात चाराहून जास्त आहे.

पाटीपेन्सिल, अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसण्यापेक्षा सूचीच्या उत्तराला आपल्या उत्तराने भागा. १२८३.३३ ÷ १२३२ = १.०४१६६… हा आकडा ओळखीचा वाटत नाही, पण तो बरोबर २५/२४ आहे. तुमच्या गणितात २४ ही लंब उंची आणि २५ ही तिरकस उंची. सूची करणाऱ्याने घनफळाच्या सूत्रात लंब उंचीच्या जागी थेट २५ घातले आहेत. ⅓ × २२/७ × ४९ × २५ करा, १२८३.३३ च येईल. .३३ कुठून आले तेही यातच दिसतं: २४ ला ३ ने भाग जातो, २५ ला जात नाही, म्हणून ⅓ मधले तीन छेदातच राहिले.

हे भागाकाराचं तंत्र सगळ्या गुणाकाराच्या सूत्रांना चालतं. गुणोत्तर ३ आलं तर कुणीतरी ⅓ विसरलं. घनफळात ४ आलं तर त्रिज्येच्या जागी व्यास गेला, कारण तिथे त्रिज्येचा वर्ग आहे. वक्रपृष्ठफळात तीच चूक झाली तर २ येतं. १० किंवा १००० आलं तर एककं किंवा दशांशचिन्ह बघा. बेरजेच्या उत्तरांना मात्र भागाकार लावू नका, तिथे वजाबाकी करा. उदाहरणार्थ, एकूण पृष्ठफळात फरक नेमका १५४ चा निघाला तर तळाचं वर्तुळ मिळवायचं राहिलं आहे.

अर्धविराम

फोटो तिरका असेल तर स्कॅनच्या ॲपमध्ये चार कोपरे पकडून सरळ करा आणि कृष्णधवल फिल्टर लावा. सावली जाते, अक्षरं काळीकुळकुळीत होतात, छापील पानासारखं दिसतं. प्रिंटही स्वच्छ येते.

शून्यलब्धी

अर्धविराम, त्यांना प्रिंट नकोय, आकडा खरा आहे का ते ठरवायचं आहे. आणि त्यासाठी हा फिल्टर नेमका घातक. तो प्रत्येक ठिपक्याला काळा नाहीतर पांढरा ठरवतो. सावलीतला पुसट दशांशबिंदू, वर बसलेला छोटा २, अंशाचं वर्तुळ, वजाचं बारीक चिन्ह, हे सगळं पांढऱ्यात जाऊ शकतं. उलट कागदाची घडी काळ्यात येते आणि चिन्ह होऊन बसते. तपासायला नेहमी मूळ रंगीत फोटो घ्या. तोही मेसेजमधून फोटो म्हणून न मागवता फाइल म्हणून मागवा, कारण फोटो म्हणून पाठवला की तो लहान करून जातो.

एक उलट उदाहरण देतो, जिथे सूची चुकलीय असं वाटतं पण ती बरोबर असते. फोटोत समीकरण दिसतं x² − ५x + ६ = ०. आपण सोडवतो, उत्तर २ आणि ३. सूचीत ६ आणि −१. आता सूचीच्या मुळांवरून समीकरण उलटं बांधा. बेरीज ५, गुणाकार −६, म्हणजे x² − ५x − ६ = ०. मूळ प्रश्नात आणि यात फक्त एका चिन्हाचा फरक आहे, + च्या जागी −. इतका बारीक फरक निघाला तर संशय आधी फोटोवर घ्यायचा. वजाच्या चिन्हावरून घडीची उभी रेघ गेली की ते अधिक दिसतं. फोटो मोठा करून त्या चिन्हाच्या वर आणि खाली बघा, तीच रेघ पुढे चालू असेल तर ती घडी आहे. मागच्या पानाची शाई उमटली असेल तर ती फिकी आणि उलटी दिसते. शिवाय त्याच पानावरची इतर अधिकची चिन्हं शेजारी ठेवून उभ्या रेघेची जाडी ताडून बघा.

देवनागरी आकड्यांत १ आणि ९ सगळ्यात जास्त फसवतात. अस्पष्ट फोटोत ९ ची डावीकडची वळी पुसली की १ उरतो. इंग्रजी आकड्यांत ३ आणि ८, १ आणि ७.

पाटीपेन्सिल

त्रिज्यखंड, २५/२४ बघून उजेड पडला. शून्यलब्धी, मूळ रंगीत फोटो आहे माझ्याकडे. "तिरकस उंची २५" स्पष्ट वाचता येतं, २५ मध्ये शंका नाही. सूचीच्या पानावर सावली नाही.

वर्गमूळ

जरा थांबा. सगळे सूची चुकली असं गृहीत धरून बसलेत. चार उपप्रश्नांपैकी दोन सूचीशी जुळतात, दोन जुळत नाहीत. (अ) आणि (ई) दोन्ही सांगतात की उंची २५ आहे. म्हणजे मुळात प्रश्न "उंची २५ सेमी" असा असेल आणि "तिरकस" हा शब्द छपाईत चुकून घुसला असेल. मग चूक प्रश्नात आहे, उत्तरात नाही. दोन विरुद्ध दोन आहे हे, पाटीपेन्सिलचंच बरोबर कशावरून?

त्रिज्यखंड

शंका रास्त आहे, पण मतं मोजण्याची पद्धत बरोबर नाही. (ई) हे वेगळं मत नाहीच. १२८३.३३ ला १००० ने भागून १.२८ केलंय, इतकंच. (अ) चुकलं की (ई) आपोआप चुकतं. त्याने (अ) ला पाठिंबा दिला असं म्हणता येत नाही. तसंच (इ) हे (आ) मध्ये तळ मिळवून आलेलं आहे. म्हणजे खरी मतं दोनच, एक घनफळाचं आणि एक वक्रपृष्ठफळाचं.

आता प्रश्न पूर्ण झाकून ठेवा आणि फक्त सूची वाचा. (इ) मधून (आ) वजा करा: ७०४ − ५५० = १५४. हे तळाचं क्षेत्रफळ. १५४ ला २२/७ ने भागलं की ४९, म्हणजे त्रिज्या ७. आता (आ) वरून: ५५० भागिले (२२/७ × ७), म्हणजे ५५० ÷ २२ = २५. ही तिरकस उंची. आणि (अ) वरून: १२८३.३३ × ३ ÷ १५४ = २५. ही लंब उंची.

म्हणजे सूचीच्या म्हणण्याप्रमाणे या शंकूची लंब उंचीही २५ आणि तिरकस उंचीही २५, आणि त्रिज्या ७. असा शंकू असूच शकत नाही. तिरकस उंची हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण, तो लंब उंचीपेक्षा मोठाच असणार. दोन्ही सारखे व्हायला त्रिज्या शून्य हवी.

यात आपण प्रश्नाचा फोटो वापरलाच नाही. त्यामुळे फोटो तिरका होता, शब्द चुकीचा वाचला, प्रश्नात छपाईची चूक होती, यातलं काहीही खरं निघालं तरी सूचीत किमान एक चूक आहे हे उरतंच. एका मापाची दोन-तीन उत्तरं सूचीत असली की हे करता येतं. एकच उत्तर असतं तर इतक्या ठामपणे म्हणता आलं नसतं.

वर्गमूळ

मान्य, सूची स्वतःशीच भांडतेय. पण चूक कुठल्या बाजूला ते अजून ठरलं नाही. उंची २५ असेल तर (अ), (ई) बरोबर आणि (आ), (इ) चूक, असंही असू शकतं.

त्रिज्यखंड

असू शकतं, म्हणून ती बाजूही करून बघू. लंब उंची २५ धरली तर तिरकस उंची ६२५ + ४९ = ६७४ चं वर्गमूळ, साधारण २५.९६. वक्रपृष्ठफळ २२ × २५.९६, म्हणजे ५७१ च्या आसपास. एकूण पृष्ठफळ ७२५ च्या आसपास. ६७४ चं वर्गमूळ पूर्ण सुटत नाही, त्यामुळे इतक्या साध्या प्रश्नात त्याची किंमत द्यावी लागली असती, किंवा "दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत" असं काही लिहावं लागलं असतं. तसं काही नाही. उलट ७, २४, २५ हे पायथागोरसचं ठरलेलं त्रिकूट आहे, ७ आणि २५ सोबत दिसले की २४ हवेच असतात. याच्या जोडीला प्रश्नातला "तिरकस" हा शब्द आहे. याला मी सिद्धता म्हणणार नाही, पण पारडं एका बाजूला बरंच झुकतं. पाटीपेन्सिल, आकृती आहे का शेजारी?

निळीशाई

उत्तर सुटसुटीत पूर्णांकात आलं म्हणजे तेच बरोबर, हे मी आधीच म्हणत होतो ना!

शून्यलब्धी

नाही हो, आधी तुम्ही दोन्ही बरोबर म्हणत होतात 🙂 आणि सुटसुटीत उत्तर हा नुसता इशारा असतो. उंची विसरून कुणी २१ घातले तरी १०७८ असं छान पूर्णांक उत्तर येतं. π = २२/७ आणि त्रिज्या ७ ठेवली की चुकीची उत्तरंही गोंडस दिसतात.

पाटीपेन्सिल

आकृती आहे. शिरोबिंदूपासून तळाच्या कडेपर्यंतच्या तिरप्या रेघेवर २५ लिहिलंय. मधे तुटक रेषा आहे शिरोबिंदूपासून केंद्रापर्यंत, तिच्यावर आकडा नाही. केंद्रापासून कडेपर्यंत ७.

त्रिज्यखंड

मग विषय मिटला. शब्द आणि आकृती दोन्हीकडे २५ तिरपे आहेत. (अ) १२३२ घसेमी आणि (ई) १.२३२ लीटर, दोन स्थळांपर्यंत १.२३.

वर्गमूळ

आकृती असेल तर माझंही म्हणणं मागे. फक्त एक, आकड्याची जागा बघताना तो रेघेच्या मधोमध आहे ना ते बघा. अरुंद शंकूत तुटक रेषा आणि तिरपी रेघ जवळजवळ असतात, आणि दोघींच्या मधे लिहिलेला आकडा कुठलाही वाटतो.

पाटीपेन्सिल

शंकूच्या बाहेरच्या बाजूला आहे, तिरप्या रेघेला चिकटून. तिथे तुटक रेषा नाहीच.

काठावरपास

माझ्याकडे वेगळाच प्रकार आहे, इथेच विचारतो. वस्तुनिष्ठ २० प्रश्न, चार पर्याय. पहिल्या ११ प्रश्नांची उत्तरं सूचीशी पूर्ण जुळतात. १२ ते २० यांत ९ पैकी २ च जुळतात. इतकी माती मी खाल्ली असेन असं वाटत नाही, प्रश्न सोपेच आहेत. गुणोत्तर काढायला आकडेच नाहीत, नुसती अ-ब-क-ड आहेत.

शून्यलब्धी

चार पर्यायांत डोळे मिटून टिचकी मारली तरी चारातलं एक जुळतं. ९ पैकी २ म्हणजे जवळपास तेवढंच. म्हणजे १२ पासून तुमच्या आणि सूचीच्या उत्तरांचा एकमेकांशी संबंधच उरलेला नाही. एखादा विषय कच्चा असता तर निम्मी-अर्धी तरी जुळली असती. सूची सरकली असावी असा संशय घ्या.

सूचीत एकूण किती उत्तरं आहेत ते मोजा. २१ निघाली तर वर्कशीटमधून एक प्रश्न काढला गेला पण सूचीतून त्याचं उत्तर काढलं नाही. मग तुमचा १२ वा सूचीच्या १३ व्याशी, १३ वा १४ व्याशी असं लावून बघा. १९ निघाली तर उलट, प्रश्न नवा घातला आणि सूची जुनीच राहिली, तेव्हा तुमचा १३ वा सूचीच्या १२ व्याशी लावायचा. बरोबर २० असतील तर वर्कशीटच्या कोपऱ्यातला संच बघा. संच अ चा कागद आणि संच ब ची सूची अशी जोडी झाली की पहिल्यापासूनच घोळ दिसतो. तुमचं ११ पर्यंत ठीक आहे, म्हणून तो प्रकार वाटत नाही.

काठावरपास

२१ आहेत!! फोटोत शेवटची ओळ अर्धी कापली गेली होती, म्हणून लक्ष गेलं नाही. एकाने सरकवून लावलं, ९ पैकी ८ जुळले. १७ वा अजूनही नाही. त्या प्रश्नाचा पर्याय ड फोटोच्या कडेला कापला गेलाय आणि सूची म्हणते ड.

त्रिज्यखंड

मग १७ बद्दल आत्ता काहीच म्हणता येणार नाही. ड मध्ये काय आहे ते दिसल्याशिवाय सूची बरोबर की चूक, दोन्ही अंदाजच. कडेचा नवा फोटो मिळतोय का बघा. तुमच्या उत्तराचा पर्याय आणि ड हे दोन्ही एकच गोष्ट वेगळ्या रूपात सांगत असतील, असंही होतं, ½ आणि ०.५ सारखं.

अर्धविराम

फिल्टरचं पटलं. पण मग सरळ स्कॅनरवर स्कॅन केलेली प्रत असेल तर तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा ना? तिथे घडी, सावली काही नाही.

शून्यलब्धी

बहुतेक वेळा हो, डोळे झाकून नाही. २०१३ साली डेव्हिड क्रिसेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सच्या काही वर्कसेंटर यंत्रांत स्कॅन केल्यावर आकडेच बदलत होते. बांधकामाच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, स्कॅनमध्ये तिन्हीकडे १४.१३ दिसत होतं. दुसरीकडे ६ चा ८ झालेला. फाइल लहान करायला यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा डकवत होतं. आकडा कुठेही पुसट नव्हता, स्वच्छ आणि चूक. नंतर त्यावर दुरुस्ती आली, पण धारदार दिसतं म्हणून खरं, असं धरता येत नाही एवढं त्यातून कळतं. १२८३.३३ मध्ये मात्र ही शक्यता नाही. एक आकडा फिरला तर १२३२ चा १२८२ होईल, १२८३.३३ होणार नाही, आणि तोही नेमका २५/२४ पट.

पाटीपेन्सिल

आता हे वर्कशीट बनवणाऱ्यांना कळवायचं आहे. आणि तोपर्यंत मुलांनी काय लिहायचं? उत्तरं सूचीप्रमाणे तपासली जाणार आहेत.

त्रिज्यखंड

कळवताना "तुमचं ६ वं चुकलंय" एवढंच लिहू नका, ते परत तुमच्याच माथी येतं. वर्कशीटचं नाव, संच, पान, प्रश्न ६ (अ) आणि (ई) लिहा. छापलेलं उत्तर आणि दुरुस्त उत्तर शेजारी शेजारी. खाली एकच ओळ: "सूचीतील (आ) वरून तिरकस उंची २५ व (अ) वरून लंब उंचीही २५ येते, हे शक्य नाही, लंब उंची २४ घेतल्यास घनफळ १२३२." प्रश्नाचा आणि सूचीचा, दोन्ही फोटो जोडा. (ई) चा उल्लेख विसरू नका. पुष्कळदा (अ) दुरुस्त होतं आणि त्यावर अवलंबून असलेलं उत्तर जुनंच राहतं. आधी शुद्धिपत्र निघालंय का तेही बघा.

उत्तरपत्रिकेत १२३२ च लिहावं, पण लंब उंची २४ काढल्याची पायरी स्वतंत्र ओळीवर दाखवावी. तपासणाऱ्याची नजर तिथे अडकली की सूची परत बघितली जाते.

वर्गमूळ

माणूस तपासणार असेल तर ठीक. यंत्रावर नुसता आकडा भरायचा असेल तर पायरी बघणार कोण? तिथे १२३२ भरलं की गुण गेला. मुलाला १२८३.३३ भरायला सांगणंही पटत नाही.

निळीशाई

१२८३.३३ भरा आणि गुण घ्या, सोप्पं. गणित येतंय ना, झालं तर.

त्रिज्यखंड

मी तरी १२३२ भरायला सांगेन. सूची दुरुस्त झाली की पुन्हा तपासणी होते, तेव्हा १२८३.३३ भरलेल्यांचा गुण जाऊ शकतो. अर्थात पुन्हा तपासणी होईलच याची खात्री मी देऊ शकत नाही.

काठावरपास

१७ चा नवा फोटो मिळाला. पर्याय ड: "यांपैकी नाही". माझं उत्तर ब. आता?

शून्यलब्धी

प्रश्न पूर्ण टाका इथे, चारही पर्यायांसकट. "यांपैकी नाही" असेल तर अ, ब, क तिन्ही एकेक करून प्रश्नात घालून बघावे लागतील. एकही बसला तर सूची चूक. आणि तुमच्या ब मधलं चिन्ह व एकक फोटोत नीट दिसतंय ना, ते आधी बघा.